बंद घराचे वीजबिल : सरासरीची युनिट, स्लॅब आणि ‘समायोजन’ यांचा मेळ कसा घालायचा?

कौलारू
नमस्कार. आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे आणि आम्ही नोकरीनिमित्त डोंबिवलीला असतो. मे महिन्याची सुट्टी संपली की घराला कुलूप लागते, ते गणपतीलाच उघडते. मीटर पडवीत जाळीच्या दाराआड असल्यामुळे मधल्या काळात रीडिंग घेता येत नाही. जून, जुलै आणि ऑगस्ट २०२४ ची बिले ‘घर बंद’ अशा शेऱ्यासह सरासरीने, प्रत्येकी ६० युनिटची आली आणि आम्ही ती वेळेवर भरली.

१३ सप्टेंबरला, म्हणजे गौरीगणपतींच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, रीडिंग घेतले गेले. त्याआधीचे प्रत्यक्ष रीडिंग १४ मेचे होते. दोन्हींत ३४० युनिटचा फरक आहे आणि तो आम्हाला मान्य आहे, कारण फ्रिज चालू राहिला होता आणि गणपतीत माणसे व रोषणाई दोन्ही भरपूर होती. आता आलेल्या बिलात एकूण वापर ३४०, समायोजित युनिट १८० आणि आकारणीसाठी १६० युनिट दाखवली आहेत. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला, तर स्थिर आकार १२८ रुपये, वीज आकार १०८८.४० रुपये, वहन आकार १८७.२० रुपये, त्या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क २२४.५८ रुपये आणि एकूण १६२८.१८ रुपये होतात. बेरीज बरोबर आहे. माझी शंका अशी की, चार महिन्यांत मिळून ३४० युनिट वापरणाऱ्या घराला शंभराच्या वरचा दर कसा लागला? जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकाठ
तीन महिने कोणाच्याही सेवेशिवाय एकट्याने थंड राहिलेल्या त्या फ्रिजचा यंदा मखराशेजारी सत्कार करायला हवा होता.

रातांबा
कौलारू, मला बिल बरोबर वाटते. तुम्ही १८० युनिटचे पैसे आधीच भरले होते, ती ३४० मधून वजा केली, १६० उरली. एकदा वापर शंभराच्या वर गेला की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, त्या मानाने तुम्हाला स्वस्तात सोडले आहे. माझा आक्षेप स्थिर आकारावर आहे. घर बंद असताना दरमहा १२८ रुपये कशाचे?

सुरंगी
रातांबा, १२८ रुपयांवर थांबलात म्हणून सुखी आहात. आमचे वेंगुर्ल्याला घर आहे. वरच्या मजल्यावर दोन एसी बसवताना वायरमनच्या सल्ल्याने थ्री फेज जोडणी घेतली. त्याच २०२४-२५ च्या दरांनुसार घरगुती थ्री फेजला स्थिर आकार महिन्याला ४२४ रुपये होता, आणि त्यावर पुन्हा १६ टक्के शुल्क. सिंगल फेजच्या तुलनेत वर्षाला चार हजार रुपयांहून अधिक केवळ जोडणीच्या प्रकारापायी जातात. पावसाळ्यात त्या खोल्या रिकाम्या असतात, पण आकार चुकत नाही. एसी लावण्यापूर्वी मंजूर भार किती लागेल याचा हिशेब करून मगच थ्री फेज घ्यावी, असे मी आता सर्वांना सांगते.

जुना हिशेबनीस
मी वीजबिलांच्या लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी रातांबा यांच्या विधानातला एक भाग बाजूला करू. शंभर ओलांडले म्हणून सगळी युनिट महाग होत नाहीत. पहिल्या १०० युनिटना नेहमी पहिलाच दर लागतो, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटना दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०२४-२५ साठी मंजूर केलेले वीज आकाराचे पहिले दोन दर ४.७१ आणि १०.२९ रुपये होते, आणि प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार होता. म्हणजे शंभरच्या आतले युनिट शुल्काआधी ५.८८ रुपयांना आणि त्यापुढचे ११.४६ रुपयांना पडत होते. पुढे दर बदलतात, तेव्हा ज्या काळातले बिल असेल त्या काळाचे दर बिलाच्या मागे पाहून घ्यावेत. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताच युनिटची किंमत जवळजवळ दुप्पट होते, हे मात्र ध्यानात ठेवावे, कारण कौलारू यांच्या बिलातला सगळा प्रश्न याच उडीत आहे.

आता मूळ शंका. या पायऱ्या महिन्याच्या वापरासाठी आहेत. ३४० युनिट ही एका महिन्याची नाहीत, १४ मे ते १३ सप्टेंबर अशा चार महिन्यांची आहेत. म्हणून ती आधी चार महिन्यांत विभागायची, प्रत्येक महिन्याला ८५ युनिट धरायची आणि मग पायरी लावायची. कार्यालयात यालाच स्लॅब बेनिफिट म्हणतात. ८५ हा आकडा शंभरच्या आत असल्यामुळे सर्व ३४० युनिट ५.८८ रुपयांनी आकारली जातील आणि वीज व वहन आकार मिळून १९९९.२० रुपये होतील. सरासरीच्या तीन बिलांत याच दोन बाबींपोटी प्रत्येकी ३५२.८० म्हणजे एकूण १०५८.४० रुपये लावले गेले होते. तेवढे वजा केले की ९४०.८० उरतात. त्यांत सप्टेंबरचा स्थिर आकार १२८ मिळवावा, कारण आधीच्या तीन महिन्यांचा त्या त्या बिलात येऊन गेला आहे. १०६८.८० झाले. १६ टक्के शुल्कासह १२३९.८१ रुपये.

तुमचे बिल १६२८.१८ आहे. ३८८.३७ रुपयांचा फरक एकाच कारणाने पडला. वजाबाकी युनिटची झाली आणि उरलेली १६० युनिट जणू एकट्या सप्टेंबरमध्येच जळली अशी धरून त्यांतली ६० दुसऱ्या पायरीवर गेली. वजाबाकी रुपयांची व्हायला हवी होती, तीही पूर्ण कालावधीचा हिशेब नव्याने मांडल्यानंतर. युनिट आधी वजा केली की सरासरीची ६० आणि उरलेली १६० ही जणू वेगवेगळ्या घरांची असल्यासारखी आकारली जातात.

कौलारू
जुना हिशेबनीस काका, मनापासून आभार. आपण म्हणता तो रुपयांचा वजावटीचा आकडा बिलात कुठे दिसायला हवा?

जुना हिशेबनीस
‘समायोजित रक्कम’ या ओळीत, वजा चिन्हासह. ती ओळ कोरी असून ‘समायोजित युनिट’ या रकान्यात मात्र आकडा असेल, तर हिशेब वर सांगितल्याप्रमाणे झाला असण्याची शक्यता धरावी आणि आकडेमोड करून पाहावी. समायोजित रकमेच्या ओळीत अनेक गोष्टी एकत्र येतात, सुरक्षा ठेवीवरचे व्याजही तिथेच जमा होऊ शकते, म्हणून नुसत्या बिलावर समाधान मानू नये. उपविभागीय कार्यालयात आपल्या ग्राहक क्रमांकाचा सीपीएल मागावा. ती तुमच्या खात्याची महिनावार नोंद असते. कोणत्या महिन्यात कोणता शेरा, किती युनिट, किती आकारणी आणि किती वजावट, हे सगळे त्यात ओळीने दिसते.

आंबोळी
समायोजनाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आम्हाला नेहमीच्या बिलाबरोबर आणखी एक वेगळे बिल आले होते आणि त्यावर सुरक्षा ठेव लिहिले होते. तेही या सरासरीमुळेच का?

जुना हिशेबनीस
नाही, ताई. ते तुमच्या बिलाचा भाग नसून ठेवीची वाढीव मागणी आहे. दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव, आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार, त्याच्या सरासरी मासिक बिलाच्या दुपटीइतकी असावी लागते. वर्षभरात वापर वाढला की जुनी ठेव कमी पडते आणि फरक मागितला जातो. ती रक्कम तुमच्याच नावावर राहते. अर्थात, चुकीच्या मोठ्या बिलामुळे सरासरी फुगली असेल तर ठेवीची मागणीही फुगते, आणि तेवढ्यापुरता तुमचा प्रश्न या धाग्याशी जोडलेला आहे.

रातांबा
स्लॅबबद्दलचा खुलासा मान्य. पण समान वाटणीबद्दल माझे समाधान झालेले नाही. कौलारू स्वतःच सांगतात की जून ते ऑगस्ट घरात फक्त फ्रिज होता. समजा तो महिन्याला ३० युनिट घेत होता. मग ९० युनिट तीन महिन्यांची आणि उरलेली २५० एकट्या शेवटच्या महिन्याची. आमच्या घरात माणसे बारा महिने राहतात, दर महिन्याला रीडिंग होते आणि गणपतीच्या महिन्यात वापर २५० वर गेला की आम्ही दीडशे युनिटना वरचा दर भरतो. शेजारचे कुलूपबंद घर तेवढीच वीज त्याच दिवसांत जाळून पहिल्या पायरीवर राहते. हा न्याय कसा?

जुना हिशेबनीस
आपला आकडा मांडून पाहतो. ३०, ३०, ३० आणि २५० अशी प्रत्यक्ष महिनावार रीडिंग झाली असती, तर वीज व वहन आकार २८३६.२० रुपये झाला असता. समान वाटणीने तो १९९९.२० होतो. म्हणजे शुल्क सोडून ८३७ रुपयांचा फायदा बंद घराला झाला, हे खरे आहे. दर चढत्या पायऱ्यांचे असले की समान वाटणी ग्राहकाच्या तोट्याची कधीच ठरत नाही, फार तर फरक शून्य राहतो.

पण कार्यालयासमोर पुरावा दोनच रीडिंगचा असतो. मधल्या कोणत्या तारखेला किती वीज गेली हे साधे मीटर सांगत नाही. ग्राहकाने फोरमवर काय लिहिले यावर आकारणी करता येत नाही, म्हणून समान वाटणी धरली जाते.

रातांबा
म्हणजे मीटर घरात ठेवून दार बंद करणे फायद्याचे, असाच याचा अर्थ झाला.

सुरंगी
रातांबा, हा फायदा मिळवण्यासाठी मुंबईहून गणपतीला येण्याचे रेल्वेचे आरक्षण मिळवावे लागते. त्या हालांची किंमत धरली तर ८३७ रुपये अगदीच कमी आहेत.

रातांबा
सुरंगीताई, ते मान्य. तत्त्वाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

माडबन
मला उलटा अनुभव आहे, म्हणून लिहितो. आमचे देवगडजवळचे घर जूनपासून बंद होते आणि आम्ही मेन स्विच काढून गेलो होतो. तरी सरासरीने बिले येत राहिली, कारण ती सरासरी उन्हाळ्यातल्या प्रत्यक्ष वापरावरून काढली होती आणि उन्हाळ्यात घर पाहुण्यांनी भरलेले असते. परत आल्यावर रीडिंग पूर्वीचेच निघाले. वापर शून्य. भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वजा झाली, पण स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क मात्र राहिले. त्याच्या मागे लागण्यात अर्थ आहे का?

जुना हिशेबनीस
नाही. रातांबा यांनी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही यातच येते. तुमच्या घरापर्यंतची तार, रोहित्र आणि खांब हे तुम्ही वीज वापरा अथवा न वापरा, उभेच असतात, आणि कोकणात झाडे पडून ते पावसाळ्यातच अधिक दुरुस्त करावे लागतात. स्थिर आकार जोडणी अस्तित्वात असण्याबद्दल आहे. २०२४-२५ च्या दरांत शून्य युनिटचे सिंगल फेजचे बिल १२८ अधिक शुल्क मिळून १४८.४८ रुपये होत होते. तो टाळायचा तर जोडणी कायमची बंद करावी लागेल, आणि पुन्हा घेताना नव्या जोडणीचा सगळा खर्च व कागदपत्रे. वर्षातून दोनदा उघडणाऱ्या घरालाही ते परवडत नाही, असे माझे मत आहे.

मात्र तपासताना एक गोष्ट पाहावी. वापर शून्य निघाला, तर सरासरीच्या बिलांतला वीज आकार आणि वहन आकार एवढेच नव्हे, तर त्यांच्यावर घेतलेले १६ टक्के शुल्कही परत वजा व्हायला हवे. बऱ्याच जणांचे लक्ष वजावटीतल्या शुल्काकडे जात नाही.

खाडीकाठ
कौलारू यांनी इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला, पण आमच्याकडे तोच दर महिन्याला वेगळा येतो आणि घरात वाद होतात. एकाच युनिटसंख्येची दोन बिले सारखी येत नाहीत, त्यामुळे वडिलांचा माझ्यावर संशय आहे की मी काहीतरी चोरून चालू ठेवतो.

जुना हिशेबनीस
वडिलांना सांगा की तुम्ही निर्दोष आहात. दर ठरवताना वीजखरेदीला किती खर्च येईल याचा अंदाज धरलेला असतो. प्रत्यक्षात कोळसा महाग झाला किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागली, की अंदाज आणि खर्च यांतला फरक पुढच्या बिलांत युनिटमागे लावला जातो. तो पायरीनुसार वेगळा असतो आणि खर्च अंदाजापेक्षा कमी झाला तर वजाही येऊ शकतो. फरक मागच्या महिन्यांचा आणि वसुली नंतरच्या वापरावर, म्हणून पंखे बंद ठेवलेल्या महिन्यातही तो अंगावर येतो. कौलारू यांच्या हिशेबात तो धरला असता तर शेवटचे रुपये बदलले असते, चूक ओळखण्याची रीत तीच राहिली असती.

माडबन
हे सगळे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोबाइल ॲपवरून मीटरचा फोटो आणि रीडिंग स्वतः पाठवणे. मी शेजारच्या काकांना किल्ली देऊन ठेवली आहे. ते महिन्यातून एकदा दार उघडून फोटो काढतात आणि मी इकडून पाठवतो.

आंबोळी
आमच्या शेजारच्या काकांनी पाठवलेल्या फोटोत मीटरपेक्षा त्यांचा अंगठा स्पष्ट दिसतो. काचेवर प्रकाश पडून आकडे दिसेनासे होतात, तेव्हा जरा बाजूने फोटो घ्यायला सांगावे. शिवाय मीटरवरचे आकडे बदलत राहतात. व्होल्टेज, तारीख असे काहीबाही येते. केडब्ल्यूएच असे दिसेल तेव्हाचाच आकडा युनिटचा असतो.

रातांबा
मीटर पडवीतून बाहेर काढून गडग्याजवळच्या खांबावर पेटीत बसवून घ्यावे. रीडिंग दर महिन्याला होईल आणि समान वाटणीचा अनाठायी फायदाही बंद होईल. माझे दोन्ही हेतू साधतील.

सुरंगी
समुद्राकाठी असाल तर पेटी कोणती हे मात्र पाहा. आमच्याकडे लोखंडी पेटीला खारी हवा एका पावसाळ्यात गंज चढवते आणि मग झाकण उघडत नाही म्हणून रीडिंग राहते.

कौलारू
सर्वांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज केला आणि सीपीएल घेतला. आता दुरुस्त हिशेब मिळाला आहे. समायोजित रक्कम वजा १०५८.४० अशी बरोबर दाखवली आहे. पण एकूण, इंधन समायोजन सोडून, १४९८.७२ रुपये येते. काकांच्या उत्तरापेक्षा सुमारे २५९ रुपये जास्त. ३४० युनिटची वीज आणि वहन आकारणी २२२२.४० रुपये केली आहे. मला हे कसे आले ते उलगडत नाही.

जुना हिशेबनीस
२२२२.४० मध्ये ३०० युनिट पहिल्या दराने आणि ४० युनिट दुसऱ्या दराने बसतात. म्हणजे वाटणी चारऐवजी तीन महिन्यांत झाली, दरमहा ११३ च्या वर युनिट आली आणि प्रत्येक महिन्यातली तेरा-सव्वातेरा युनिट शंभराच्या पलीकडे गेली. ‘घर बंद’ शेऱ्याची बिले तीन होती म्हणून तीन महिने धरले असावेत. ते बरोबर नाही. कालावधी शेवटच्या प्रत्यक्ष रीडिंगपासून मोजायचा, म्हणजे १४ मेपासून. सीपीएलमध्ये मे महिन्याच्या ओळीवर रीडिंगची तारीख असेल, ती पाहा.

रातांबा
तारीख कोणतीही असो, सरासरीच्या बिलांचे महिने तीन आणि सप्टेंबर हा चौथा. सप्टेंबरचे रीडिंग १३ तारखेचे आहे. मग तो महिना पूर्ण कसा धरायचा?

जुना हिशेबनीस
रीडिंगचा महिना कॅलेंडरचा नसतो. तुमच्याकडे १४ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर हाच सप्टेंबरच्या बिलाचा महिना. तुम्ही म्हणता तसे तुकडे केले तर ऑगस्टचे उरलेले दिवस कोणत्याच बिलात बसणार नाहीत.

रातांबा
हे पटते. समान वाटणीबद्दलचे माझे मत तसेच आहे.

कौलारू
सीपीएलमध्ये मेच्या ओळीवर १४ मे हीच तारीख आहे. ती ओळ अधोरेखित करून दुसरा अर्ज आज टपालाने पाठवला आहे. त्याची पोच आली आणि तरीही आकडा बदलला नाही, तर तक्रार निवारण मंचाकडे जाण्यापूर्वी आणखी कोणाकडे दाद मागायची असते का?

जुना हिशेबनीस
आधी त्याच कंपनीच्या अंतर्गत तक्रार कक्षाकडे अर्ज द्या. तिथे निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तरच ग्राहक तक्रार निवारण मंच. चालू बिल भरायचे थांबवू नका. वादातली रक्कम भरताना ‘आक्षेप राखून’ असे लिहून भरणा करता येतो, आणि उद्या हिशेब तुमच्या बाजूने लागला तर ती समायोजित रकमेच्या त्याच ओळीत वजा होऊन येते.